शीमध्ये गाजराचे तुकडे दिसतात, पण बाळ वाढतंय: भाज्या बंद करायच्या का?

प्रश्न: माझा मुलगा २० महिन्यांचा आहे. दोन महिने झाले, दिवसातून पाच-सहा वेळा पातळ शी करतो आणि शीत गाजर, वाटाणे, मक्याचे दाणे जसेच्या तसे दिसतात. ताप नाही, उलटी नाही, दिवसभर धावपळ चालू असते. दीड वर्षाचा असताना वजन १०.९ किलो होतं, आता ११.४ आहे. जेवण बेताचं, सफरचंदाचा ज्यूस मात्र आवडीने पितो. घरातले म्हणतात, अन्न अंगी लागत नाही, भाज्या आणि दूध बंद कर. तीन औषधं देऊन झाली, फरक नाही. काय करू?

उत्तर: तुमच्या मनात दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेत. शी पातळ का होते, हा एक. खाल्लेलं अंगी लागतंय का, हा दुसरा. घरातल्यांना घोर दुसऱ्याचा आहे, म्हणून आधी तोच घेते.

खाल्लेलं अंगी लागतं की नाही हे डायपरमध्ये दिसत नाही, वजनकाट्यावर दिसतं. पहिल्या वाढदिवसापासून दुसऱ्यापर्यंत मूल साधारण अडीच किलोने वाढतं, म्हणजे महिन्याला दोनशे ग्रॅमच्या आसपास. तुमच्या मुलाने दोन महिन्यांत अर्धा किलो कमावलंय, तेही पातळ शी चालू असताना. ज्याच्या आतड्यातून अन्न खरोखरच न शोषता निघून जातं, त्या मुलाला हे जमत नाही. त्याचं वजन आधी थांबतं, मग घटतं आणि पुढे उंचीही मागे पडू लागते. दोन्ही वेळा वजन एकाच काट्यावर आणि जवळपास सारख्याच कपड्यांत झालं होतं का, एवढं फक्त आठवून पाहा. दोन वेगळ्या काट्यांमध्ये तीन-चारशे ग्रॅमचा फरक सहज पडतो. वाढीच्या तक्त्यावर आधीच्या सगळ्या नोंदी मांडल्या आणि रेघ आपल्याच वाटेने वर चाललेली दिसली, की माझी निम्मी तपासणी तिथेच होते.

आता त्या तुकड्यांबद्दल. भाजीच्या पेशींभोवती सेल्युलोजची भिंत असते. ती फोडणारं विकर माणसाच्या शरीरात बनतच नाही, मोठ्यांच्याही नाही. आपण ही भिंत दाढांनी दळून फोडतो, मग आतला ऐवज पाचकरसांच्या हाती लागतो. वाटाण्याचं किंवा मक्याच्या दाण्याचं साल चावलं गेलं नाही, तर तो दाणा बंद पाकिटासारखा सबंध आतड्यातून फिरून बाहेर येतो. आता वीस महिन्यांच्या मुलाच्या तोंडात काय असतं ते बघा. पहिल्या दाढा साधारण १३ ते १९ महिन्यांत येतात आणि मागच्या २३ ते ३३ महिन्यांत. म्हणजे तुमच्या मुलाकडे फार तर चार दाढा आहेत आणि चावत बसण्याइतका धीर अजिबात नाही. तो गाजराचा तुकडा दोनदा दाबतो आणि गिळून टाकतो.

मोठ्यांच्या बाबतीत उरलेलं काम मोठ्या आतड्यातले जिवाणू करतात. तिथे चोथा एक दिवस किंवा त्याहूनही जास्त काळ रेंगाळतो आणि त्यातला बराच भाग ते आंबवून टाकतात. लहान मुलात तेवढा वेळच मिळत नाही, म्हणून दुपारचं गाजर संध्याकाळी केशरी रंगासह दिसू शकतं. त्याच ताटातलं धान्य, दूध, अंडं, तेल यांतलं मात्र शीत काहीच ओळखू येत नाही, कारण ते लहान आतड्यात पचून शोषलं गेलेलं असतं. आपल्याला दिसतो तो न पचलेला थोडा भाग. पचलेला मोठा भाग दिसत नसल्यामुळे सगळंच वाया गेलं असं वाटतं. न चावलेल्या त्या दाण्यातलं पोषण बाहेर गेलं हे खरं आहे. म्हणून भाजी मऊ शिजवून थोडी कुस्करून द्या, तेवढं वाया जाणंही कमी होईल. कच्च्या गाजराच्या चकत्या आणि अख्खे कडक दाणे या वयात नकोतच. त्यात पचनापेक्षा घशात अडकण्याचा धोका मोठा आहे.

आणखी एक गोष्ट सांगून ठेवते, कारण तिच्यामुळे आईबाप रात्री घाबरून फोन करतात. टोमॅटोचं साल गुंडाळी होऊन बाहेर पडलं की जंतासारखं दिसतं. केळ्यातले तंतू काळपट बारीक दोऱ्यांसारखे दिसतात. बीट खाल्लं की शी लालसर होते. शंका आली तर आदल्या दिवशी काय खाल्लं ते आधी आठवा. उत्तर सापडलं नाही, तर डायपर तसाच घेऊन दवाखान्यात जा.

आता पहिला प्रश्न, शी पातळ का होते. वाढ नीट चाललेल्या मुलाच्या अशा पातळ शीला आम्ही टॉडलर्स डायरिया म्हणतो. सहा महिने ते पाच वर्षे या वयात सुरू होणारी, पोटात न दुखता रोज चार किंवा अधिक वेळा होणारी, चार आठवड्यांहून जास्त चाललेली पातळ शी आणि पुरेसं खाणाऱ्या मुलाची नीट चाललेली वाढ, एवढं जुळलं की हे नाव देता येतं. यात आतड्याचं अस्तर निरोगी असतं आणि शोषणही नीट होतं. वेगळी असते ती आतड्याची हालचाल. पोट रिकामं असताना आतडं झाडून काढणाऱ्या लाटा ठरावीक अंतराने येत असतात. एरवी जेवण आत आलं की त्या थांबतात आणि अन्न सावकाश घुसळलं जातं. या मुलांपैकी काहींमध्ये जेवणानंतरही त्या पुरत्या थांबत नाहीत. त्यात घास पोटात गेला की मोठं आतडं हलवणारी प्रतिक्रिया या वयात जोरकस असते. म्हणून 'इकडे खातो आणि तिकडे शी करतो' असं आया सांगतात. नुकतं खाल्लेलं बाहेर पडत नसतं, मागच्या जेवणांचा चोथा पुढे ढकलला जात असतो.

याची एक खूण फार उपयोगी आहे. सकाळची पहिली शी बऱ्यापैकी घट्ट असते, दिवस चढेल तशी ती पातळ होत जाते, चोथा आणि शेंबडासारखा थोडा भाग संध्याकाळकडे वाढतो, आणि रात्री झोपेत शी होत नाही. तुमच्याकडे असंच घडतं का, ते आठवडाभर बघा. रात्री झोपेतून उठून पातळ शी करणारं मूल मी या गटात सहजासहजी घालत नाही. पुष्कळदा याची सुरुवात साध्या जुलाबाच्या आजारानंतर होते. आजार जातो, मूल खेळू लागतं, शी मात्र पातळच राहते.

आतड्याचा वेग आपल्या हातात नाही. त्यावर काय ओतायचं, हे मात्र आहे. तुमच्या प्रश्नातल्या 'ज्यूस आवडीने पितो' या शब्दांवर मी थबकले ते यासाठीच. सफरचंदाच्या रसात फ्रुक्टोज ही साखर ग्लुकोजपेक्षा जास्त असते. ग्लुकोज सोबत असेल तर फ्रुक्टोज चांगलं शोषलं जातं. एकटं उरलेलं फ्रुक्टोज लहान आतड्याला सगळं घेता येत नाही. त्यात याच रसात सॉर्बिटॉल नावाचा गोड पदार्थही असतो आणि तो मुळातच अर्धवट शोषला जातो. हे दोन्ही आतड्यात शिल्लक राहतात, आपल्याकडे पाणी ओढून घेतात आणि पुढे मोठ्या आतड्यात जिवाणू त्यांचा वायू करतात. पातळ, आंबूस वासाची शी आणि गुरगुरणारं पोट यातूनच येतं. नासपतीचा रसही असाच. बिनसाखरेच्या गोळ्या आणि कित्येक पातळ औषधांतही गोडीसाठी सॉर्बिटॉल घालतात. दिलेल्या तीन औषधांच्या बाटल्यांवरचं लेबल वाचून बघा.

एका मुलीचं उदाहरण तपशिलात सांगते, म्हणजे हिशेब कसा करायचा ते कळेल. वय सव्वीस महिने, वजन १२ किलो, वाढीची रेघ सरळ, शी दिवसाला सहा वेळा. आईला मी तीन दिवसांचं सगळं खाणंपिणं लिहून आणायला सांगितलं. पेयांची बेरीज अशी निघाली: सफरचंदाचा रस ४०० मिली, दूध ५०० मिली, पाणी ७०० मिली, एकूण १६०० मिली. १२ किलोच्या मुलाची दिवसाची पाण्याची गरज साधारण ११०० मिली असते आणि तिचा बराच भाग जेवणातूनही भागतो. म्हणजे तहानेपेक्षा कितीतरी जास्त ती पीत होती. कारण नळीची बाटली दिवसभर हातातच असायची. चारशे मिली रसातून जवळपास ४० ग्रॅम साखर आणि १८० उष्मांक जात होते. मग जेवायला भूक कुठून उरणार? 'जेवण बेताचं' या तक्रारीचं मूळ खूप वेळा असंच बाटलीत सापडतं.

त्या घरात आणखी एक गोष्ट घडली होती. शी पातळ झाल्यापासून 'पोटाला हलकं' म्हणून दूध साय काढून आणि जेवण जवळजवळ तेलाशिवाय दिलं जात होतं. हेतू चांगला होता, परिणाम उलटा झाला. स्निग्ध पदार्थ पोटातून सावकाश पुढे सरकतात आणि सगळ्या जेवणाचा वेग आवरतात. ते काढून टाकले की अन्न आणखी झपाट्याने खाली जातं. या वयात दिवसाच्या उष्मांकांपैकी ३५ ते ४० टक्के स्निग्धांशातून यायला हवेत. मोठ्यांसाठी योग्य असलेलं कमी चरबीचं खाणं दोन वर्षांच्या मुलाला लावू नये.

आम्ही बदल एकेक करून केले. सगळे एकदम केले की कशाने गुण आला ते कळत नाही, आणि मूलही बिथरतं. पहिल्या आठवड्यात रसात निम्मं पाणी, मग प्रमाण रोज कमी करत दहाव्या दिवशी रस बंद. त्याऐवजी आख्खं फळ, सालं काढून, बारीक तुकडे करून. बाटली काढली आणि पेला दिला. दूध जेवणानंतर किंवा झोपण्याआधी, मधल्या वेळेत तहान लागली तर साधं पाणी. दूध साय न काढता, आणि प्रत्येक जेवणात एक चमचा तेल किंवा लोणी. एका चमच्यात, म्हणजे ५ मिलीमध्ये, ४० ते ४५ उष्मांक असतात. रसातून जाणारे उष्मांक असे भरून निघाले. भाज्या होत्या तशाच ठेवल्या, फक्त मऊ आणि कुस्करून. तीन आठवड्यांनी शी दोन-तीन वेळांवर आली होती आणि सकाळची घट्ट होती. गाजराचे कण मात्र दिसतच होते, आणि मी आईला आधीच सांगून ठेवलं होतं की ते दिसतील. कण नाहीसे होणं हे आपलं उद्दिष्ट नव्हतंच.

चोथ्याबद्दल लोक दोन्ही टोकं गाठतात. भाजी-फळं पूर्ण काढली तर शीला बांधून ठेवणारं काही उरत नाही. उलट कोंडा, पूड असलं वरून घातलं तर पोट फुगतं आणि शी आणखी वाढते. रोजच्या ताटात धान्य, भाजी आणि एखादं फळ असेल, तर एवढ्या मुलाला तो चोथा पुरतो.

दूध बंद करण्याबद्दल. दुधातली साखर पचत नसेल तर दूध प्यायल्यावर तास-दोन तासांत पोट फुगतं, वायू होतो, शी आंबट आणि फेसाळ होते, बूड लाल होतं. जुलाबाच्या आजारानंतर काही आठवडे असं होऊ शकतं आणि नंतर जातं. तशी खूण नसेल तर दूध काढू नका. मला या सगळ्यात सर्वात जास्त काळजी कसली वाटते, तर उपचाराच्या नावाखाली होणाऱ्या उपासमारीची. आधी दूध जातं, मग भाजी, मग तेल, आणि मूल फक्त पातळ पेज आणि पाणी यांवर येतं. दोन महिन्यांनी वजन खरंच घटतं. मग रक्ताच्या तपासण्यांची रांग लागते आणि नसलेल्या आजाराचा शोध सुरू होतो. आतड्याने जे बिघडवलं नव्हतं, ते पथ्याने बिघडलेलं असतं.

औषधांचंही तसंच. प्रतिजैविकं आतड्यातले चांगले जिवाणू मारतात आणि शी आणखी पातळ करतात. जुलाब थांबवणारी औषधं एवढ्या लहान मुलाला देऊ नयेत. पचनाच्या सिरपमधली विकरं सेल्युलोजला हात लावत नाहीत, त्यामुळे गाजर दिसायचं ते दिसतंच. तीन औषधांनी फरक पडला नाही याचं कारण औषधं हलकी होती असं नाही. औषध लागेल असं तिथे काही नव्हतं.

हे सारं मी वाढ चांगली आहे म्हणून सांगते आहे. काही गोष्टी आढळल्या तर माझं उत्तर बदलतं. वजन दोन महिने थांबलं किंवा घटलं, शीत रक्त आलं, झोपेत शी होऊ लागली, ताप किंवा उलट्या टिकल्या, पोट दुखून मूल कळवळलं, तर भाजीवर ढकलू नका, तपासून घ्या. तेलकट, चकचकीत, घाण वासाची आणि पाण्याने सहज न जाणारी शी असेल तर स्निग्ध पदार्थ खरोखरच शोषले जात नसतील. पोट मोठं, हातपाय बारीक, चेहरा फिका आणि स्वभाव किरकिरा, आणि हे गहू खायला लागल्यानंतरच्या महिन्यांत सुरू झालं असेल, तर सिलिअॅक या गव्हामुळे आतड्याच्या अस्तराला इजा होणाऱ्या आजाराची रक्ततपासणी हवी. त्यात एक चूक फार होते. तपासणीआधीच घरी गहू बंद केला जातो आणि मग आजार असूनही अहवाल नॉर्मल येऊ शकतो. रक्त देईपर्यंत गहू चालू ठेवा.

जिआर्डिया या परजीवीमुळेही आठवडेच्या आठवडे पातळ शी राहते, पोट फुगतं आणि भूक मंदावते. तो प्रत्येक नमुन्यात सापडेलच असं नाही, म्हणून वेगवेगळ्या दिवशीचे दोन-तीन नमुने द्यावे लागतात. आणि एक उलटं कारण विसरू नका: बद्धकोष्ठ. कडक गोळा खाली अडकला की त्याच्या कडेने पातळ शी झिरपत राहते. थोडी-थोडी, कपड्याला लागणारी, दिवसभर होणारी शी असेल तर डॉक्टरांनी पोट हाताने चाचपून पाहायला हवं. हे सगळं अचानक सुरू होऊन पाण्यासारखी मोठी शी, सुकलेलं तोंड, कमी झालेली लघवी असं चित्र असेल, तर तो साधा तीव्र जुलाब आहे. तिथे आधी ओआरएस, बाकीचं नंतर.

तुमच्या मुलात यातलं काही तुम्ही लिहिलेलं नाही, आणि वजनाची नोंद चांगली आहे. त्यामुळे मी तुमच्या जागी असते तर एवढंच केलं असतं. तीन दिवस तो काय आणि किती पितो ते मिलीत लिहून काढा, बाटलीतलंही आणि इतरांनी दिलेलंही. ११.४ किलोच्या मुलाला जेवणातलं धरून दिवसाला हजार-सव्वाहजार मिली पाणी पुष्कळ होतं. तुमची पेयांचीच बेरीज त्यापुढे असेल, तर आपल्याला हवं ते सापडलं. ज्यूस दहा दिवसांत हळूहळू बंद करा. एक ते तीन वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला १२० मिली ही वरची मर्यादा मानतात, पण अशी शी असताना तेवढाही नको. दूध साय न काढता, दिवसाला चारशे-पाचशे मिलीपर्यंत. जेवणात तेल किंवा लोणी. भाज्या चालू, शिजवून आणि कुस्करून. औषधं बंद करण्याआधी ज्यांनी दिली त्यांना विचारा, कारण ती कशासाठी दिली होती हे मला माहीत नाही.

वजन रोज करू नका. पाण्याच्या एका पेल्याने आणि एका शीने काटा हलतो आणि घरात विनाकारण वाद होतो. महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी, कपडे काढून. उंची तीन महिन्यांतून एकदा. चार आठवड्यांनी शी कमी झाली नाही तरी वजन वाढलेलं असेल तर थांबा आणि असंच चालू ठेवा. बहुतेक मुलांची शी चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत आपोआप घट्ट होते. तोवर आंबट शीने बूड लाल होतं, म्हणून प्रत्येक वेळी पाण्याने धुऊन, कोरडं टिपून, झिंक ऑक्साइडचं मलम जाडसर लावा. पाळणाघरात 'संसर्ग आहे' म्हणून घरी पाठवत असतील, तर तुमच्या डॉक्टरांकडून हा संसर्ग नसल्याची चिठ्ठी घ्या आणि वाढीच्या तक्त्याची प्रत तिला जोडा.